बादलीत मावलेलं महत्त्वमापन

जानेवारी उलटला की दहावीचं मूल असलेल्या घरात एक कागद जन्माला येतो. शाळेत त्याला 'फॉर्म्युला शीट' म्हणतात, घरात 'ते तुझं एका पानाचं झालं का?' म्हणतात. प्रत्येक धड्याचं एक पान करा, त्यात सूत्रं आणि महत्त्वाचे मुद्दे तेवढे लिहा, म्हणजे आदल्या रात्री पुस्तक उघडावं लागणार नाही, असं सरांनी सांगितलेलं असतं. सल्ला उत्तम आहे. पण तो पाळायला घेतला की घरात जे घडतं त्याचा गणिताशी संबंध थोडा आणि स्टेशनरीच्या दुकानाशी फार असतो.

आधी पेनं येतात. गुलाबी शीर्षकाला, जांभळं उपशीर्षकाला, आणि हायलायटर पाच, कारण चारचा सेट मिळत नाही. मग पट्टीने समास आखला जातो. मग पुस्तक उघडून शेजारी ठेवलं जातं आणि त्यातलं सूत्र इकडे येतं. सूत्राभोवती चौकट, चौकटीभोवती ढग, ढगाला बाण. दोन तासांनी धडा पानावर उतरलेला असतो आणि मूल दमलेलं असतं. दमलं म्हणजे अभ्यास झाला, यावर घरात एकमत असतं. आई त्या कागदाचा फोटो काढून मावशीला पाठवते, मावशी टाळ्यांची चित्रं पाठवते, आणि संध्याकाळी कागदाला लॅमिनेशन होतं. लॅमिनेशन झालेल्या कागदावर दुरुस्ती करता येत नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. दुरुस्ती करायची असते हेच मुळात ठाऊक नसतं.

माझ्या भाचीने महत्त्वमापनाचं असंच पान केलं होतं. महत्त्वमापन म्हणजे दहावी गणिताच्या दुसऱ्या भागातलं शेवटचं, सातवं प्रकरण. त्यात इष्टिकाचिती, घन, वृत्तचिती, शंकू, गोल, अर्धगोल, शंकूछेद, वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड अशी मंडळी राहतात. शेवटच्या दोन सपाट आकृती सोडल्या तर प्रत्येकाचं एक घनफळ, एक वक्र किंवा उभं पृष्ठफळ, एक एकूण पृष्ठफळ. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये गेल्यासारखं वाटतं, चेहरे ओळखीचे आणि नावं कोणाचीच आठवत नाहीत. भाचीच्या पानावर ही सगळी सूत्रं होती, प्रत्येक सूत्राशेजारी त्या त्या आकृतीचं छायांकित चित्र होतं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक हसरा गोल होता, बहुधा 4πr² च्या आनंदात.

"मामा, बघ. सगळं आहे."

"सगळं पुस्तकात होतंच की."

"हो, पण आता एका पानावर आहे."

"पुस्तकातही बरंचसं एकाच ठिकाणी आहे. प्रकरणाच्या सुरुवातीला 'जरा आठवूया' म्हणून तक्ता आहे."

तिने पुस्तक उघडून पाहिलं. तक्ता होता. पाठ्यपुस्तक मंडळाने तो आधीच छापून दिला होता, फक्त त्यात हसरा गोल नव्हता.

उतरवून काढण्यात एक विलक्षण शांतता असते, हे मान्य करायला हवं. हात चालतो, डोळे चालतात, डोक्याला सुट्टी मिळते. शिवाय समोर सूत्र दिसत असल्यामुळे ते आपल्याला येतं असंच वाटत राहतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याच गैरसमजाची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींना तेच पुन्हा वाचायला सांगितलं, काहींना न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर न बघता लिहिणारे पुढे गेले. बोर्ड आपली परीक्षा पाच मिनिटांनी घेत नाही, एवढीच अडचण आहे.

तेव्हा ते लॅमिनेटेड पान पाटाखाली ठेवायला दिलं, पुस्तक कपाटात गेलं आणि भाचीच्या पुढे एक कोरा कागद आणि एक साधं निळं पेन आलं. महत्त्वमापनाचं जे आठवेल ते लिही, म्हटलं. पहिली दोन मिनिटं ती माझ्याकडे असं बघत होती की मी तिचा मामा आहे का बोर्डाचा बाहेरून आलेला पर्यवेक्षक. मग लिहू लागली. वृत्तचितीचं घनफळ πr²h, बरोबर. शंकूचं त्याच्या एक तृतीयांश, बरोबर. गोलाचं पृष्ठफळ तिने 4/3 πr² लिहिलं आणि घनफळ 4πr³. अर्धगोलाचं एकूण पृष्ठफळ 2πr². शंकूचं वक्रपृष्ठफळ πrh. शंकूछेदाच्या जागी बादलीचं चित्र काढलं आणि बादलीखाली "??" लिहिलं. पाकळीचं सूत्र आलं, खंडाचं नाही.

मग कपाटातलं पुस्तक बाहेर काढलं आणि लाल पेनाने तपासणी झाली. आता हे पान दिसायला वाईट होतं, पण पहिल्यांदाच त्यावर काहीतरी असं होतं जे पुस्तकात नव्हतं. तिच्या चुका. पुस्तकाला जगातल्या सगळ्या मुलांची सूत्रं ठाऊक आहेत, पण या मुलीला अर्धगोलाचा तळ मोजायची आठवण राहत नाही, हे त्या मंडळाला कुठून कळणार? उजळणीचं पान बनतं ते इथून. हा कच्चा माल.

पुढचं काम म्हणजे यातलं काय ठेवायचं आणि काय हाकलायचं. बहुतेक मुलं इथे दयाळू होतात, सगळ्यांना ठेवून घेतात. त्याऐवजी प्रत्येक सूत्राला एकच प्रश्न विचारायचा: तू परीक्षेच्या खोलीत मला दोन ओळींत पुन्हा मिळशील का? मिळत असेल त्याला पानावर जागा नाही.

गोलाचा गोंधळ घ्या. पृष्ठफळ चौरस सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणजे त्यात दोन लांब्यांचा गुणाकार हवा. घनफळात तीन हव्यात. म्हणून गोलाचं r² असलेलं सूत्र घनफळाचं असूच शकत नाही, आणि r³ असलेलं पृष्ठफळाचं असू शकत नाही. एवढं कळलं की वर्ग का घन हा संशय संपतो, आणि त्यासाठी लाल चौकट लागत नाही. पण 4 कुठे आणि 4/3 कुठे, हे एककं सांगत नाहीत. आकडे मुके असतात. ते लक्षात ठेवावे लागतात किंवा कशाला तरी बांधून ठेवावे लागतात. बांधायला खुंटी आहे, तिच्याकडे येतो.

आधी बादली. शंकूछेद म्हणजे शंकूचं टोक कापल्यावर उरतं ते, आणि आपल्या न्हाणीघरात ते उलटं ठेवून त्यात पाणी भरतात. त्याचं घनफळ:

1/3 πh(r₁² + r₂² + r₁r₂)

प्रकरणातलं हे सगळ्यांत लांब सूत्र, म्हणून सगळ्यांत नावडतं. वर तिने "??" लिहिलं ते यासाठीच. आता त्यात r₂ शून्य करा, म्हणजे बादलीचा तळ आकसत आकसत टोक झाला असं समजा. कंसात फक्त r₁² उरतो आणि समोर 1/3 πr₁²h उभं राहतं. हा शंकू. आता उलट करा, तळ आणि तोंड सारखंच समजा. कंसात r² + r² + r², म्हणजे 3r², त्यातला तीन बाहेरच्या एक तृतीयांशाला खातो आणि πr²h मिळतं. ही वृत्तचिती. तीन सूत्रांपैकी दोन बादलीच्या आत बसलेली होती आणि आपण त्यांना वेगवेगळ्या ढगांत कोंडत होतो.

वक्रपृष्ठफळाचंही तेच. बादलीचं πl(r₁ + r₂). तळ शून्य केला की πrl, शंकू. दोन्ही सारखे केले की 2πrl, आणि सरळ भिंतीच्या डब्यात तिरकस उंची आणि उभी उंची एकच असल्यामुळे 2πrh, वृत्तचिती. भाचीने हे स्वतः करून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे सर आम्हाला उगाच सहा सूत्रं पाठ करायला लावतात?" सरांची बाजू घ्यायला मी तिथे होतो, पण मला सुचलं काही नाही.

यात एक फायदा आणखी आहे. सगळ्यांत लांब सूत्र लिहून ठेवलं की त्याची परीक्षा घेता येते. पेपरच्या आधी शंका आली की कंसात r₁r₂ आहे की 2r₁r₂, तर दोन्ही त्रिज्या सारख्या करून बघायच्या. 2r₁r₂ घेतलं तर कंसात 4r² येतो आणि वृत्तचिती बिघडते. चूक पकडली गेली, पुस्तक न उघडता.

गोल मात्र बादलीतून निघत नाही. तो कुठूनच सहज निघत नाही, आणि ज्याने तो पहिल्यांदा काढला त्याला याचा इतका अभिमान होता की त्याने तो आपल्या थडग्यावर कोरून घेण्याची इच्छा सांगून ठेवली. आर्किमिडीजचं हे सूत्रांचं पान जगातलं सर्वांत आखूड असावं. शब्द नकोत, फक्त एक गोल आणि त्याला बेताने सामावून घेणारी वृत्तचिती. आर्किमिडीज मारला गेला इ. स. पूर्व २१२ मध्ये. इ. स. पूर्व ७५ साली सिसेरो सिसिलीत अधिकारी म्हणून गेला तेव्हा सिराक्यूजच्या लोकांना ते थडगं कुठे आहे हेही माहीत नव्हतं. सिसेरोला झुडपांतून डोकावणारा एक छोटा खांब दिसला, त्यावर गोल आणि वृत्तचिती होती, आणि त्यावरून त्याने ओळखलं. नाव शोधावं लागलं, सूत्र नजरेला पडलं.

त्या चित्रात काय आहे ते पानावर उतरवायला एक ओळ पुरते. त्रिज्या r आणि उंची 2r असलेला शंकू, तेवढ्याच मापाच्या डब्यात बेताने बसणारा गोल, आणि तो डबा, यांची घनफळं १ : २ : ३. डबा 2πr³, गोल त्याच्या दोन तृतीयांश म्हणजे 4/3 πr³. आणि गोलाचं पृष्ठफळ म्हणजे त्या डब्याच्या नुसत्या भिंतीचं पृष्ठफळ, परीघ गुणिले उंची, 2πr × 2r, म्हणजे 4πr². हीच ती खुंटी. भाचीच्या पानावर गोलासाठी आता सूत्र नाही. डब्यात बसलेला चेंडू आहे आणि शेजारी '१ : २ : ३, पृष्ठ = भिंत' एवढंच.

हा सोस आपल्याकडेही जुना आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या लीलावतीत वर्तुळ आणि गोल एकाच श्लोकात उरकले. परीघ गुणिले व्यासाचा चौथा हिस्सा म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ. त्याची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, चेंडूभोवतीच्या जाळीसारखं. त्याला व्यासाने गुणून सहाने भागा, घनफळ. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी, त्यामुळे एक आठवली की पुढची दोन चालत येतात. हायलायटर लागत नाही, श्लोकाला चाल असली की झालं.

पण आटोपशीरपणाचा धोकाही तिथेच आहे. आर्यभटांचा गणितपाद हा ३३ श्लोकांचा, π ची किंमत ३.१४१६ इतकी नेमकी देणारा. त्याच गणितपादात गोलाचं घनफळ म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचंच वर्गमूळ, असं दिलं आहे, आणि ते चूक आहे. त्रिज्या ७ सेमी घेतली तर क्षेत्रफळ १५४, त्याचं वर्गमूळ सुमारे १२.४, गुणाकार १९११ च्या आसपास. खरं घनफळ १४३७ घन सेंटिमीटर. तिसरा हिस्सा जास्त! गंमत अशी की एककांची चाचणी हे सूत्र थाटात उत्तीर्ण होतं. चौरस सेंटिमीटर गुणिले सेंटिमीटर, घन सेंटिमीटरच येतात. काही चुका एककांच्या चाळणीतून अलगद खाली पडतात. पानावर मानाची जागा त्यांना द्यायची.

तिच्या पानावर अशी एक चूक होती. शंकूचं वक्रपृष्ठफळ πrh. इथे l हवी, तिरकस उंची, पण h लिहिली तरी एकक चौरस सेंटिमीटरच राहतं. ही चूक किती बेमालूम आहे ते बघायला एक बादली घेऊ. तोंडाची त्रिज्या १४ सेमी, तळाची ७, उभी उंची ३०. वर झाकण नाही. पाणी किती मावेल आणि पत्रा किती लागेल?

पाणी सोपं. कंसात १९६ + ४९ + ९८, म्हणजे ३४३. उंची ३० चा एक तृतीयांश १०. π ला २२/७ घेतलं की २२/७ × १० × ३४३, म्हणजे १०,७८० घन सेंटिमीटर. हजारने भागा, १०.७८ लीटर. कंसाचा कंटाळा असलेले काही हुशार लोक दोन्ही त्रिज्यांची सरासरी १०.५ घेतात आणि तिला वृत्तचिती समजून मोकळे होतात. त्यांना १०,३९५ मिळतं. ३८५ मिलिलीटर कमी, म्हणजे बादली दुधाची असेल तर हा हिशेब गवळ्याला द्यायचा नाही, गवळ्याकडून घ्यायचा.

आता पत्रा. तिरकस उंची पायथागोरसकडून: तोंडाची त्रिज्या तळापेक्षा ७ ने जास्त, उंची ३०, म्हणून l म्हणजे ९४९ चं वर्गमूळ, सुमारे ३०.८. वक्रपृष्ठफळ २२/७ × ३०.८ × २१, म्हणजे सुमारे २०३३ चौरस सेंटिमीटर. तळाचं वर्तुळ १५४. एकूण २१८७ च्या घरात. भाचीच्या पद्धतीने l ऐवजी h घेतली असती तर भिंत १९८० आली असती. दोन्ही उत्तरं इतकी शेजारी राहतात की नुसत्या अंदाजाने कोणी बोट ठेवणार नाही. एककं बरोबर, आकडा पटण्याजोगा, उत्तर चूक.

मग ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय लिहायचं? "l घ्यायची, h नाही" असं लाल अक्षरांत लिहिलं तर पेपरच्या दिवशी तिला फक्त एवढं आठवेल की दोघांपैकी एकाला बंदी होती. कोणाला, ते आठवणार नाही. म्हणून आम्ही फुटाण्यांचा कागदी कोन आणला. फुटाणे खाल्ले, कोन सोडवून टेबलावर सपाट पसरला आणि जादा दुमडलेला कागद कापून टाकला. उरली ती वर्तुळपाकळी. तिची त्रिज्या मोजली तर ती कोनाची तिरकस उंची. तिचा कंस म्हणजे कोनाच्या तोंडाचा परीघ, 2πr. पाकळीचं क्षेत्रफळ अर्धा गुणिले कंस गुणिले त्रिज्या, म्हणजे ½ × 2πr × l, म्हणजे πrl. आणि h? ती त्या कागदावर कुठेच नव्हती. ती कोनाच्या आतल्या हवेत होती, फुटाण्यांबरोबर गेली. भाचीने पानावर पाकळीचं चित्र काढून खाली लिहिलं, "h कागदावर नसते." हे वाक्य जगातल्या कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोगही नाही.

म्हणूनच दुसऱ्याचं पान हे एक अजब प्रकरण आहे. बोर्डाच्या आधी व्हॉट्सॲपवर 'टॉपरचं शीट' फिरतं. ते सुवाच्य असतं, संपूर्ण असतं, आणि त्यात टॉपरला जे आठवत नव्हतं ते असतं. तुम्हाला जे आठवत नाही त्याची त्या बिचारीला कल्पना नसते. झेरॉक्सच्या दुकानात तर धड्यांची पानं तयार मिळतात, आणि मागणी केली तर तीच पानं मायक्रो करून मिळतात, काडेपेटीत मावतील एवढी. मायक्रो झेरॉक्सचा हेतू वेगळा असतो आणि त्यासाठी बोर्डाचं भरारी पथक असतं, तेव्हा मी त्यात पडत नाही. एवढं मात्र खरं की पूर्वी कॉपीची चिठ्ठी हाताने करावी लागत असे, जागा दोन बोटांची असे, त्यामुळे येतं ते गाळून न येणारंच लिहावं लागे. मुलगा रात्रभर निवड करत बसे आणि सकाळी त्याला चिठ्ठीची गरज उरत नसे. झेरॉक्स आली आणि त्या उद्योगातलं शिक्षण गेलं.

तर भाचीच्या पानावर शेवटी उरलं ते असं. बादलीची दोन सूत्रं आणि तिरकस उंचीचं एक. डब्यात बसलेला चेंडू. पाकळी आणि तिच्याखालचं ते वाक्य. वर्तुळखंड म्हणजे पाकळी वजा त्रिकोण, आणि त्या त्रिकोणाचं ½ r² sin θ, कारण ते तिला खरोखर आठवत नव्हतं. बाकीची जागा प्रश्नांनी घेतली. हो, प्रश्नांनीच. मुद्दा विधान म्हणून लिहिला की डोळा त्यावरून घसरतो. प्रश्न म्हणून लिहिला की निदान अडखळतो. "शंकू अर्धगोलावर बसवलेल्या खेळण्याचं पृष्ठफळ: मधलं वर्तुळ मोजायचं का?" नाही, कारण ते आत बुजलेलं आहे, रंग लावायला तिथे ब्रश पोचत नाही. "नुसत्या अर्धगोलाचं एकूण?" इथे तळ उघडा आहे, म्हणून 2πr² मध्ये πr² मिळवा. "प्रश्नात १४ दिलंय ती त्रिज्या की व्यास?" हा तिने स्वतः घातला, मोठ्या अक्षरात, आणि घातल्यावर आईकडे एकदा चोरून बघितलं. सहामाहीचं काहीतरी जुनं प्रकरण असावं. उत्तरं पानाच्या उजव्या कडेला लिहिली आणि ती कड मागे दुमडली.

ताईला हे पान पसंत पडलं नाही. "एवढंच? अर्धं पान रिकामं आहे. आधीचं किती छान होतं." मी म्हटलं, ताई, रिकाम्या जागेचा अर्थ असा की तेवढं हिला येतं. ताईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की लहानपणी माझं प्रगतिपुस्तक तिनेच आईला वाचून दाखवलं होतं, ते मला आठवलं.

एक गोष्ट हे पान करू शकत नाही, ती सांगायला हवी. ते गणित सोडवायला शिकवत नाही. पाण्याने भरलेल्या डब्यात गोळा टाकला तर किती पाणी सांडेल, किंवा वितळवलेल्या गोळ्यातून किती शंकू होतील, यातली मेख सूत्रात नसते. घनफळ बदलत नाही हे ओळखण्यात असते, आणि ते उदाहरणं सोडवूनच अंगी येतं. म्हणून पान धडा सुरू होताना करण्यात अर्थ नाही. तेव्हा आपण कुठे चुकणार हेच माहीत नसतं, त्यामुळे ते आपोआप नक्कल होतं. सरावसंच सोडवून झाला, उत्तरं तपासून झाली, की मग.

केलेलं पान वाचायचंही नसतं. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यायचा, न बघता लिहायचं, आणि जुन्या पानाशी ताडून बघायचं. जे आपोआप आलं ते पुढच्या पानातून काढून टाकायचं. पान दर खेपेला आक्रसलं पाहिजे. पान वाढतंय असं दिसलं, किंवा त्यावर लाल शाईच नाही, किंवा उदाहरण सोडवताना दर ओळीला मान पानाकडे वळतेय, तर समजावं की आपण सुंदर अक्षरात पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली आहे. आणि पान दिसायला फारच देखणं असेल तर ते पाहुण्यांना दाखवावं, त्यावर अभ्यास करू नये.

शेवटची एक विनंती. पान पूर्ण झाल्यावर खाली दोन बोटं जागा शिल्लक राहील. ती भरायची म्हणून तिथे π ची किंमत लिहू नका. २२/७ घ्यायचं की ३.१४, हे प्रश्नाच्या शेवटी कंसात बहुधा छापलेलंच असतं, आणि तेवढं मात्र तिथूनच बघून उतरवून घ्या.